अर्धा चढ: कुंद्याच्या विक्रीवर थीटा पद्धत, आधी वहीत मग संगणकावर

शहापूरला आमच्या मामांचं मिठाईचं दुकान आहे. बेळगावात मिठाईचं दुकान म्हटलं की कुंदा आलाच, आणि कुंद्याला खवा लागतो. मामांचा खवेवाला खानापूरकडचा. तो तीन महिन्यांचा भाव एकदम बांधून देतो, पण किती माल उचलणार ते आधी सांगावं लागतं आणि इसार द्यावा लागतो. कमी सांगितलं तर दिवाळीत वरचा माल चढ्या भावानं घ्यायचा, जास्त सांगितलं तर इसार अंगावर. त्यांचे हिशेब मी बघतो, म्हणून हा अंदाजाचा प्रश्न माझ्याकडे आला.

गेल्या हिवाळ्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं या विक्रीवर एक न्यूरल नेटवर्क बांधलं. मागच्या बारा तिमाह्यांवर ते इतकं चपखल बसत होतं की मामा खूश झाले. मी म्हटलं, "मामा, झालेलं सांगायला वही आहे की. पुढचं सांगू दे त्याला." मग मी त्याच आकड्यांवर थीटा पद्धत लावली, आणि वर्षभर दोन्ही कागद गल्ल्यात ठेवून दिले. निकाल पुढे येईलच. आधी पद्धत.

ही पद्धत आली कुठून

स्पायरोस माक्रिडाकिस हे ग्रीक संशोधक १९८२ पासून अंदाजांच्या स्पर्धा भरवत आले आहेत. नियम सोपा. हजारो खऱ्या मालिका द्यायच्या, शेवटचा भाग झाकून ठेवायचा, आणि कुणाचा अंदाज झाकलेल्या आकड्यांच्या जवळ जातो ते मोजायचं. २००० साली निकाल लागलेल्या तिसऱ्या स्पर्धेत, म्हणजे एम-३ मध्ये, ३००३ मालिका होत्या. तिथं अ‍ॅसिमाकोपौलोस आणि निकोलोपौलोस या दोघांची थीटा पद्धत एकूणात सगळ्यांच्या पुढे गेली. मोठमोठी सॉफ्टवेअरं आणि न्यूरल नेटवर्क मागे राहिली.

मूळ लेखातलं गणित जरा अवघड वाटतं. २००३ साली हाइंडमन आणि बिल्ला यांनी ते उलगडून दाखवलं: ही पद्धत म्हणजे साधं घातांकी गुळगुळीकरण, म्हणजे अलीकडच्या आकड्यांना जास्त वजन देणारी सरासरी, आणि त्यावर सरळ रेषेच्या चढाचा निम्मा चढ. वाढ आहे हे मान्य करायचं, पण तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवायचा. सगळं मर्म एवढ्यातच आहे.

आधी आकडे नीट कापून घ्या

मामांच्या संगणकात विक्री महिन्यानं साठवलेली होती. तशीच वापरली असती तर पहिल्याच पावलाला घसरलो असतो. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आली. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, तर २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. महिन्याच्या हिशेबात 'ऑक्टोबर म्हणजे दिवाळी' हे एका वर्षी खरं आणि दुसऱ्या वर्षी खोटं ठरतं. मग हंगामाचा गुणांक, म्हणजे त्या महिन्याची विक्री सरासरीच्या किती पट हा आकडा, दोन्हींची सरासरी काढतो आणि दोन्ही वर्षी चुकतो.

तिमाही केली की हा घोळ बराचसा मिटतो. गणपती कधीही आले तरी जुलै-सप्टेंबरमध्येच सापडतात, आणि दिवाळी ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये. खव्याचा सौदाही तिमाहीचाच असल्यामुळे आमचं दोन्ही अंगांनी जमलं. पण रमजान ईदला ही युक्ती पुरत नाही. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला आली, म्हणजे तिमाहीच बदलली. कुंद्याला त्याचा फरक थोडा पडतो. शेवया आणि खारका विकणाऱ्यानं मात्र ईदचा माल वेगळा मोजावा.

दुसरी काळजी सुरुवातीच्या वर्षाची. आम्ही २०२२ पासूनचेच आकडे घेतले. लॉकडाउनची पडलेली विक्री सुरुवातीला ठेवली असती तर तिथून वर येणारी रेषा उगाचच ताठ झाली असती, आणि तो सावरण्याचा चढ पद्धतीनं कायमची वाढ म्हणून पुढे ओढला असता.

पहिलं पाऊल: हंगाम बाजूला काढा

विक्री किलोत आहे आणि हिशेब सोपा पडावा म्हणून आकडे गोल केले आहेत. प्रत्येक तिमाहीसाठी तिच्या भोवतीच्या वर्षाची सरासरी काढायची. २०२३ ची जानेवारी-मार्च तिमाही घ्या. मागच्या दोन आणि पुढच्या दोन तिमाह्या घ्यायच्या, पण दोन्ही टोकांच्या निम्म्याच: ४८० चे निम्मे २४०, मग ७००, ४४०, ५६०, आणि ५३० चे निम्मे २६५. बेरीज २२०५, भागिले ४ म्हणजे ५५१.२५. खरी विक्री ४४०, म्हणून गुणोत्तर ०.७९८. पुढच्या वर्षीच्या याच तिमाहीचं गुणोत्तर ०.७७४ येतं. दोन्हींची सरासरी ०.७८६ हा जानेवारी-मार्चचा गुणांक.

असंच केल्यावर एप्रिल-जूनचा १.००७ आला, कारण लग्नसराई. जुलै-सप्टेंबरचा ०.९१६, ऑक्टोबर-डिसेंबरचा १.२९०. चारही गुणांकांची बेरीज ४ यायला हवी. आमची ३.९९९ आली, तेवढं चालतं. जास्त फरक असेल तर प्रत्येक गुणांकाला त्याच प्रमाणात वर-खाली करून बेरीज ४ करून घ्या.

आता प्रत्येक विक्रीला तिच्या गुणांकानं भागा. खालच्या तक्त्यातला 'हंगामाविना' हा रकाना तोच. त्याच्या पुढचे रकाने पुढच्या दोन पावलांत येतील.

| तिमाही | विक्री | हंगामाविना | सरळ रेषा | दुप्पट वाकाची रेषा | गुळगुळीत पातळी |
|---|---|---|---|---|---|
| २०२२ जाने-मार्च | ४१० | ५२२ | ५१९ | ५२५ | ५२५ |
| एप्रिल-जून | ५३० | ५२६ | ५२७ | ५२५ | ५२५ |
| जुलै-सप्टें | ४८० | ५२४ | ५३५ | ५१३ | ५१९ |
| ऑक्टो-डिसें | ७०० | ५४३ | ५४३ | ५४३ | ५३१ |
| २०२३ जाने-मार्च | ४४० | ५६० | ५५१ | ५६९ | ५५० |
| एप्रिल-जून | ५६० | ५५६ | ५५९ | ५५३ | ५५२ |
| जुलै-सप्टें | ५३० | ५७९ | ५६७ | ५९१ | ५७१ |
| ऑक्टो-डिसें | ७४० | ५७४ | ५७५ | ५७३ | ५७२ |
| २०२४ जाने-मार्च | ४५० | ५७३ | ५८३ | ५६३ | ५६८ |
| एप्रिल-जून | ६०० | ५९६ | ५९१ | ६०१ | ५८४ |
| जुलै-सप्टें | ५४० | ५९० | ५९९ | ५८१ | ५८३ |
| ऑक्टो-डिसें | ७९० | ६१२ | ६०७ | ६१७ | ६०० |

इथं एक गंमत सांगतो, कारण ती आमच्या डोळ्यासमोर घडली. स्पर्धांमध्ये हंगाम काढण्याआधी एक चाचणी घेतात: मालिकेचं एका वर्षापूर्वीच्या स्वतःशी असलेलं सहसंबंधाचं माप एका उंबरठ्याच्या वर आहे का. आमच्या बारा आकड्यांवर ते माप ०.६१ आलं आणि उंबरठा ०.६३. म्हणजे चाचणीच्या मते मामांच्या दुकानात हंगामच नाही! दिवाळीच्या आठवड्यात दुकानासमोर उभं राहिलेल्या कुणाचाही यावर विश्वास बसणार नाही. चाचणी खोटी नाही. तिच्याकडे पुरावा फक्त तीन वर्षांचा होता, आणि एवढ्या पुराव्यावर ती हात राखून बोलते. हजारो अनोळखी मालिकांसाठी ती ठीक, ओळखीच्या दुकानासाठी आपलं ज्ञान वापरावं. सॉफ्टवेअरनं असं केलंय हे ओळखायचं कसं? चारही तिमाह्यांचे अंदाज जवळजवळ सारखे आले, तर हंगाम काढलाच गेला नाही असं समजा.

दुसरं पाऊल: दोन रेषा

हंगामाविना आकड्यांमधून सरळ रेषा काढा. एक्सेलमध्ये SLOPE आणि INTERCEPT ही दोन सूत्रं पुरतात. आमचा चढ दर तिमाहीला ८ किलो आला. थीटा म्हणजे आकड्यांचा वाक किती पट करायचा ते. ही थीटा शून्यची रेषा. हिला वाकच नाही.

दुसरी रेषा थीटा दोनची. हंगामाविना आकडा दुप्पट करा आणि त्यातून सरळ रेषेवरचा आकडा वजा करा. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत ५२२ ची दुप्पट १०४४, वजा ५१९, म्हणजे ५२५. असं केल्यानं सरळ रेषेपासून आकडा जितका लांब होता त्याच्या दुप्पट लांब जातो. अलीकडची हालचाल ठळक होते. पहिली रेषा दूरचं सांगते, दुसरी कालपरवाचं.

रेषा टाकल्यावर एक तपासणी अवश्य करा. पहिलं वर्ष वगळून चढ पुन्हा काढा. आमचा ८ चा ७ झाला, म्हणजे चढ टिकाऊ आहे. तो ८ चा २ झाला असता, किंवा उणे गेला असता, तर मध्ये कुठंतरी पातळीच बदलली असं समजून जुने आकडे टाकून दिले असते. शेजारी दुसरं दुकान उघडलं किंवा समोरचा रस्ता खणून ठेवला की असं होतं.

तिसरं पाऊल: गुळगुळीत करा, सरासरी घ्या

दुप्पट वाकाच्या रेषेवर साधं घातांकी गुळगुळीकरण चालवायचं. पहिली पातळी म्हणजे पहिला आकडा. पुढं दर वेळी नवी पातळी = अल्फा गुणिले नवा आकडा, अधिक १ मधून अल्फा गेल्यावर उरलेला भाग गुणिले जुनी पातळी. हातानं करताना मी अल्फा ०.५ धरला, म्हणजे नवा आकडा आणि जुनी पातळी यांची निव्वळ सरासरी. शेवटची पातळी ६०० आली. हिचा अंदाज सपाट असतो: पुढच्या चारही तिमाह्यांना ६००.

सरळ रेषा पुढं ओढली तर ६१५, ६२३, ६३१, ६३९. दोन्हींची सरासरी ६०७.५, ६११.५, ६१५.५, ६१९.५. बघा, दर तिमाहीला ४ किलोंची वाढ, ८ ची निम्मी. अर्धा चढ तो हाच.

शेवटी हंगाम परत चढवा, म्हणजे त्या-त्या तिमाहीच्या गुणांकानं गुणा. २०२५ साठी आलं: ४७७, ६१६, ५६४, ७९९.

संगणकावर हेच थोड्याच ओळींत होतं. पायथॉनच्या statsmodels मध्ये:

```python
import pandas as pd
from statsmodels.tsa.forecasting.theta import ThetaModel

y = pd.Series([410,530,480,700,440,560,530,740,450,600,540,790],
    index=pd.date_range("2022-01-01", periods=12, freq="QS"), dtype=float)
m = ThetaModel(y, period=4, use_test=False, method="multiplicative").fit()
print(m.forecast(4))
```

वर सांगितलेल्या हंगामाच्या चाचणीला `use_test=False` बाजूला सारतं. अल्फा सॉफ्टवेअर स्वतः शोधतं, त्यामुळे उत्तर वहीपेक्षा थोडं वेगळं येईल. आर भाषा वापरत असाल तर forecast पॅकेजमधलं `thetaf` आहे, पण ते वरची चाचणी स्वतःच घेतं. आमच्यासारख्या तोकड्या मालिकेवर त्याचं उत्तर डोळे मिटून घेऊ नका.

चौथं पाऊल: साध्यांच्या रांगेत उभं करून मोजा

वर्ष संपलं. खरी विक्री ४७०, ६०५, ५७०, ७८५. थीटा सरासरी ९.५ किलोंनी चुकली.

आता तुलना. सगळ्यात साधा अंदाज म्हणजे 'गेल्या वर्षी याच तिमाहीत जेवढं गेलं तेवढंच'. मामा आयुष्यभर हेच करत आले. त्याची चूक सरासरी १५ किलो, पण दोन तिमाह्यांत तो थीटापेक्षा अचूक निघाला, हेही सांगायला हवं. सरळ रेषेचा पूर्ण चढ घेतला असता तर चूक २०.५, आणि एकट्या दिवाळीच्या तिमाहीत ३९ किलो जास्त. अर्ध्या चढामुळे तिथली चूक १४ वर राहिली. भाच्याच्या नेटवर्कनं दिवाळीच्या तिमाहीला ८७२ सांगितले होते. त्याची सरासरी चूक जवळपास ४९ किलो. बारा आकड्यांवर ते इतकं घट्ट बसलं होतं की २०२३ च्या योगायोगांनाही त्यानं नियम मानलं होतं.

आणखी एक अंदाज आहे, त्याला स्पर्धांमध्ये 'नेव्ह २' म्हणतात. हंगामाविना शेवटचा आकडा, आमचा ६१२, तसाच पुढं धरायचा आणि हंगाम चढवायचा. त्याची चूक साधारण ९ किलो. म्हणजे थीटापेक्षा केसभर कमी! मामांनी लगेच विचारलं, "मग एवढ्या रेघा कशाला मारल्यास?" मी सांगितलं की चार तिमाह्यांवरच्या अर्ध्या किलोच्या फरकावरून दोघांत डावं-उजवं ठरत नाही. २०२४ ची दिवाळी जराशी जास्त चढी गेली असती तर नेव्ह २ नं तीच चढी पातळी वर्षभर वाहून नेली असती, थीटानं ती अर्धीमुर्धी पचवली असती. म्हणून आता आम्ही दर तिमाही संपली की नवा आकडा जोडतो, सगळे अंदाज पुन्हा काढतो आणि चुका एका पानावर लिहितो. आठ-दहा नोंदी झाल्या की मग बोलू. ९.५ विरुद्ध ४९ हा फरक मात्र आताच बोलका आहे.

दोन दुकानांची तुलना करायची तर किलो चालत नाहीत. तेव्हा चूक एका मापानं भागतात. आधीच्या वर्षांत 'गेल्या वर्षीइतकंच' हा अंदाज सरासरी किती चुकला असता ते काढायचं. आमच्याकडे ते ३२.५ किलो येतं. थीटा ९.५ भागिले ३२.५, म्हणजे ०.२९. नेटवर्क १.५. आकडा १ च्या वर गेला की समजा, मामांची जुनी सवय नेहमी जेवढी चुकते त्याहूनही आपण जास्त चुकलो.

मोठी मॉडेलं कधी जिंकतात

भाच्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, पण दुसरी बाजूही खरी आहे. २०१८ च्या एम-४ स्पर्धेत एक लाख मालिका होत्या. तिथं निव्वळ मशीन लर्निंगवर चाललेली एकही प्रवेशिका तीन साध्या गुळगुळीकरणांच्या सरासरीला हरवू शकली नाही, आणि नेव्ह २ च्या पुढं त्यांतली फक्त एक गेली. पण पहिला आला तो उबरमधला स्लावेक स्मिल. त्यानं घातांकी गुळगुळीकरण आणि न्यूरल नेटवर्क एकत्र गुंफलं होतं. नेव्ह २ ला १ धरलं तर थीटा ०.८९७ वर आणि स्मिल ०.८२१ वर. फरक खरा आहे, पण त्याच्या नेटवर्कला एक लाख मालिका एकत्र शिकायला मिळाल्या होत्या.

२०२० च्या एम-५ मध्ये वॉलमार्टची विक्री होती, ४२,८४० मालिका, सोबत किमती आणि सणांचं कॅलेंडर. तिथं निर्णयवृक्षांवर चालणाऱ्या लाइटजीबीएम या मशीन लर्निंग पद्धतीनं बाजी मारली. तरीही घातांकी गुळगुळीकरणाच्या सगळ्यात चांगल्या साध्या मापदंडाला हरवता आलं ते फक्त ७.५ टक्के संघांना.

तेव्हा भाच्याला मी सांगितलंय की बेळगाव, निपाणी, चिक्कोडीतल्या पन्नास दुकानांची रोजची विक्री आणि भाव एकत्र मिळाले तर ये, तुझ्या नेटवर्कला जागा आहे. एका दुकानाच्या बारा आकड्यांत ते काय शिकणार?

थीटाही सगळीकडे चालत नाही. मामांनी टिळकवाडीला नवी शाखा काढली तर पहिली दोन वर्षं विक्री भराभर चढेल, आणि अर्धा चढ धरणारी थीटा दर तिमाहीला मागं पडेल. हे ओळखणं सोपं आहे: चुका सलग एकाच बाजूला पडू लागतात. चार वेळा ओळीनं अंदाज कमी आला की अर्ध्या चढाचा हट्ट सोडा. जो पदार्थ फक्त गणपतीत विकला जातो आणि बाकी वर्षभर शून्य, त्यावर तर ही पद्धत लावूच नये. शून्याला हंगामाच्या गुणांकानं भागून काही हाती लागत नाही.

२०२६ साठी खवेवाल्याला किती सांगायचं ते आता सोळा आकड्यांवरून पुन्हा काढलंय. मामांनी कागद पाहिला, दिवाळीच्या तिमाहीत स्वतःच्या हातानं दहा किलो वाढवले, आणि म्हणाले, "यंदा आपल्या गल्लीत दोन लग्नं आहेत, ते तुझ्या रेघेला कुठं ठाऊक?" ते दहा किलो मी वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलेत.